बारावं प्रकरण आणि अक्काचा धावदोरा

लाडक्या अक्का,

मला भीती वाटतेय, म्हणून लिहितेय. तू गेल्याला आठ महिने झाले, तेवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता अडल्यावर आठवण झाली! 'अडला हरी' म्हणून चिडवशील. चिडव, गाढव कोण ते तूच ठरव.

पुस्तकाची अकरा प्रकरणं पुण्याच्या संपादकबाईंकडे गेली. बारावं तुझ्यावरचं. शुक्रवारपर्यंत आलं नाही तर पुस्तक त्याच्याशिवाय छापायला जाईल, असं त्यांनी काल फोनवर सांगितलं. आपल्या घरावरचं पुस्तक, आणि त्यात तूच नाहीस?

रोज साडेपाचला कागद घेऊन बसते. सातला हेब्बाळची ऑफिसची बस असते. मधल्या वेळात काय करते सांगू? लिहिते, 'अक्का सोप्पू निवडत बसली होती.' मग वाटतं, हा आपला इकडचा कन्नड शब्द, पुण्यात सोप्पू कोण म्हणतं? हसतील! शब्दकोश उघडते, खोडते, 'पालेभाजी' लिहिते. मग 'निवडत' बरोबर आहे ना, तेही बघते. वाक्य शुद्ध होतं आणि त्यातली बाई कुणी भलतीच दिसायला लागते. आजवर सोळा कागद फाडले.

लोक हसतील ही भीती लहान आहे गं. चुकीची तू छापली जाशील आणि तीच राहील, ही मोठी.

तिसऱ्या प्रकरणाच्या वेळी अशीच अडून बन्नूरला तुझ्याकडे आले होते. तू कुणाचा तरी ब्लाउज शिवत होतीस. मशीनवरून उठलीही नाहीस.

"अय्यो, सुम्ने, उगीच रडू नको गं. हे बघ, आधी धावदोरा घातला की नाही? लांब लांब, वाकडे टाके. अंगाला लावून बघायचं, मग पक्की शिलाई. धावदोरा नंतर उसवूनच टाकायचा, अल्वा?"

"पण शब्दच आठवत नाही, अक्का."

"मग कन्नड घाल. नाहीतर जागा सोड, पुढं हो. साकु, पुरे तुझा तो कोश, दे इकडं!"

कोश कापडाच्या गाठोड्याखाली गेला. तू घड्याळ लावलंस, वीस मिनिटं. पेन उचलायचं नाही, खोडायचं नाही. काय लिहू, विचारलं तर म्हणालीस, "येताना बसमध्ये काय बघितलीस ते लिही." मी उसाची मोळी लिहिली, ती पायात आली म्हणून भांडणारी म्हातारी लिहिली. दोन पानं झाली, भिकार! मग तू मोठ्यानं वाचायला लावलंस. जिथं ऐकता ऐकता तुझा पाय मशीनवर थांबला तिथं मी खूण केली. जिथं मशीन पुन्हा सुरू झालं, ते सगळं नंतर काढून टाकलं. चार ओळी उरल्या, पण त्या चार ओळींतून प्रकरण निघालं.

आणि निघताना सांगितलंस, वाक्य अर्धं सोडून ऊठ, उद्या बसल्याबरोबर ते पुरं करायचं काम तरी असतं. त्यानंतर प्रत्येक प्रकरण मी तसंच लिहिलं.

मला इतकं सांगितलंस, मग छातीत दुखतंय हे का नाही सांगितलंस? मी काय परकी होते?

आज सकाळी कोश कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला आणि घड्याळ लावलं. सोप्पू सोप्पूच ठेवला. तुझा चष्मा, दातांत धरलेली टाचणी, भावजींवर ओरडणं, सगळं भराभर आलं. दवाखान्याच्या दारापाशी मात्र पेन थांबलं. मी घाबरून उठले आणि उगीच चहा ठेवला.

तिथं पुढं काय आहे, ते मला पाठ आहे. खाटेवर तू विचारलंस, "माझं लिहिलीस म्हणे? वाच ना. कच्चं असलं तरी चालतं." माझ्या पिशवीत सहा पानं होती, अक्का. मी म्हणाले, "नको, नीट करून आणते." तू मान हलवलीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

कच्चं वाचायला तूच शिकवलंस, आणि तुझ्याच वेळी मी शुद्ध करत बसले! ती पानं घरी येऊन फाडली. तेव्हापासून कागद घेतला की आधी तेच वाक्य समोर येतं, आणि ते लिहायला नको म्हणून मी पालेभाजीचा शब्द शोधत बसते.

उद्या घड्याळ लावीन. तेच वाक्य आलं तरी पेन उचलणार नाही. जमेल की नाही, खरंच माहीत नाही. गुरुवारी बन्नूरची बस धरून, जे झालं असेल ते भावजींना वाचून दाखवीन, त्यांना रडू आलं तरी थांबणार नाही. आणि पहिली ओळ आताच तुला देते: 'अक्कानं वाचून दाखव म्हटलं, आणि मी नाही म्हटलं.'

अजून घाबरलेली, तुझी
सुमी