नववी चूक

नंदनवन, नागपूर
मंगळवार, ११ डिसेंबर १९७३

तीर्थरूप यमुताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे या मार्तंडाचा, डोकं पायावर ठेवून नमस्कार. भाऊजींचे गुडघे कसे आहेत? रामटेकची थंडी गुडघ्यांना शत्रूसारखी भिडते, म्हणून महानारायण तेलाची बाटली पाठवली आहे. (ती भाऊजींसाठी आहे. मागच्या बाटलीसारखी शेजारच्या म्हशीला चोळू नकोस.) धान कापून झालं असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. मागच्या आठवड्यात मात्र नव्हतो, आणि तेच सांगायला बसलो आहे.

तुला माहीतच आहे की गेली बावीस वर्षं मी शाळेतली मास्तरकी सांभाळून या शहराच्या चौकाचौकांत उभा राहून बोलतो आहे. गिरणी कामगारांसाठी बोललो, दारूबंदीसाठी बोललो, बसच्या वाढीव भाड्याविरुद्ध तर असा बोललो की ऐकायला थांबलेल्या कंडक्टरनंच टाळ्या वाजवल्या. माझी पक्की मतं आहेत आणि ती मी कुठंही लपवत नाही. त्यातलं एक मत असं की आपल्या मुलांना चुका दाखवाव्यात, कारण बाहेरचं जग चुका दाखवत नाही, सरळ दार लावून घेतं. म्हणून गेल्या महिन्यात आपल्या शामलानं कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत 'हुंडा : दोष कुणाचा' या विषयावर पहिलं बक्षीस मिळवलं, तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसून वहीत टिपणं काढली आणि घरी आल्यावर, ती अजून चप्पल काढत असतानाच, तिला चौदा चुका वाचून दाखवल्या. पहिली चूक, सुरुवात फार सौम्य. चौथी, 'समाज' हा शब्द अकरा वेळा. नववी, बोलायला उभी राहताना डावा अंगठा मुठीत दाबून धरते. चौदावी आता आठवत नाही, पण ती महत्त्वाची होती.

शामलानं चप्पल काढली. चषक फळीवर ठेवला, त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं की विभागाच्या फेरीला अमरावतीला ती जाणार नाही. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस शनिवार, आठ तारीख. चार दिवस मी तिला समजावलं. तिच्या पिढीचं कर्तव्य सांगितलं, स्त्रियांच्या प्रश्नाचा इतिहास सांगितला. ती भाजी निवडत ऐकत राहिली. शेवटी गोपिका म्हणाली, "अवो, तुम्ही पोरीचं कौतुक काहून करत नाही?"

आता यावर मी हसलो, हे कबूल करतो. कौतुक! (जुन्या कोशात पाहिलं तर मूळ अर्थ कुतूहल, नवल असा आहे. लग्नात मनगटाला बांधायच्या मंगळसूत्रालाही संस्कृतात कौतुक म्हणत, हातातलं, गळ्यातलं नव्हे. हे मी गोपिकेला सांगितलं. तिनं पोळी उलटली.) पण रात्री पडल्या पडल्या वाटलं की बाई म्हणते तर करून पाहावं. आणि यमुताई, मी एखादी गोष्ट करायची ठरवली की अर्धवट करत नाही.

रविवारी संध्याकाळी अंगणात सतरंज्या पसरल्या. मंडपवाल्याकडून एक कर्णा आणला. शाल आणली, नारळ आणला, झेंडूचा हार आणला. (हार मंत्र्याच्या मापाचा निघाला, पोरीच्या गुडघ्यापर्यंत आला.) गल्लीतली पंचवीसएक माणसं जमली. शामलाला खुर्चीवर बसवलं आणि मी पस्तीस मिनिटं बोललो. तिच्या वाणीची तुलना मी वीज, नदी आणि एका क्रांतीशी केली, क्रांती कोणती ते आता नीटसं आठवत नाही. उपमा चांगल्या होत्या, मागच्या महिन्यात कामगारांच्या पुढाऱ्याच्या सत्काराला वापरल्या होत्या आणि तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. इथंही पडल्या. टाळ्या थांबल्यावर पाहतो तर खुर्चीवर फक्त हार. शामला आत जाऊन कडी लावून बसली होती.

"कौतुक करा म्हटलं होतं मी," गोपिका दातांवर दात ठेवून म्हणाली, "सत्कार कोणी करायला सांगितला होता?"

मला तेव्हा फरक कळला नाही. तो शिकवला शेजारच्या तुळसाबाईनं. हिला तू ओळखतेस, दिवाळीत तुला करंज्या देऊन गेली ती. अंगठा उठवते, पण गल्लीत तिचा शब्द चालतो. ती उठली, दार वाजवलं आणि आत गेली. खिडकीतून मी पाहत होतो. तिनं शामलाची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं आणि नुसतं पाहिलं, जणू ही पोरगी तिनं आजच पहिल्यांदा पाहिली. मग म्हणाली, "अवं माय वं! एवढीशी पोट्टी, अन् त्या भोंग्यापुढं हुभी राहून बोलली! मले तं पोस्टातल्या बाबूले नाव सांगतानी घाम फुटते." आणि दोन्ही हात पोरीच्या तोंडावरून उतरवून स्वतःच्या कानशिलांवर नेऊन कडकन बोटं मोडली, की पोरीला कोणाची दृष्ट लागू नये, स्वतःचीसुद्धा. एवढंच. वीज नाही, नदी नाही. आणि यमुताई, आमची पोरगी आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. माझ्याकडे पाहून नाही, हे लिहायला नको.

त्या रात्री पुष्कळ विचार केला. स्तुती मोठ्यांची करतात, त्यात पाठ वाकते. अभिनंदन कोणाचंही करता येतं, पोस्टकार्डावरसुद्धा, न ओळखणाऱ्याचंही. सत्काराला खुर्ची लागते. पण कौतुकाला आधी माया लागते, आणि मायेला नवल वाटावं लागतं की हे एवढंसं होतं, माझ्या डोळ्यांसमोर रांगत होतं, आणि आता हे काय करू लागलं! म्हणून कौतुक बहुधा मोठ्यांकडून लहानांकडे येतं. बक्षिसाची त्याला गरज नाही, मूल पहिल्यांदा स्वतः वेणी घालतं त्याचंही होतं. आणि मागितलं तर ते मिळतच नाही. माझ्या बावीस वर्षांच्या टाळ्यांत ते कधी होतं का, असा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि कूस बदलली.

एवढं कळूनही मला ते जमेना. सोमवारी सकाळी शामलाची हनुवटी धरायला गेलो तर ती म्हणाली, "बाबा, दात दुखतोय का तुमचा?" कारण माझाच चेहरा तसा झाला होता. मंगळवार गेला, बुधवार गेला. शुक्रवारी गोपिकेनं मला उशांच्या खोळींसाठी मांजरपाट आणायला गांधीबागेत पाठवलं, बहुधा घरातून हाकलायला. दुकान आपल्या रुपरावांचं, शाळेपासूनचा मित्र. त्यांनी सहज विचारलं, पोरगी काय म्हणते?

काय झालं कोणास ठाऊक. मी बोलत सुटलो, पण चौकातल्यासारखा नाही. म्हटलं, रुपराव, तुम्ही तिला उभी राहिलेली पाहायला पाहिजे होती. उभी राहिली की डावा अंगठा मुठीत असा दाबून धरते, पाळण्यात धरायची तसाच. पहिलं वाक्य होईपर्यंत सोडत नाही. मग तो अंगठा हळूच सुटतो, आणि एकदा सुटला ना, की मागच्या रांगेतला बापसुद्धा टिपण काढायला विसरतो. तीन वर्षांची होती तेव्हा पाटावर उभी राहून मांजरीला भाषण द्यायची, मांजर उठून गेली तर पाट उचलून तिच्या मागं जायची. आणि आता चारशे माणसं बसतात हो हलल्याशिवाय! माझी चिमणी!

रुपरावांची कात्री तशीच हवेत. म्हणाले, "मास्तर, हे पोरीले सांगितलं का कधी?"

"तिले?" मी ओरडलो. "तिले काहून सांगू? शेफारून जाईन न!"

तेव्हा कापडाच्या थानांच्या ढिगामागं कोणीतरी खाकरलं. मी घरून पिशवी विसरून आलो होतो. गोपिकेनं ती शामलाच्या हाती सायकलवर पाठवली होती. पोरगी किती वेळ उभी होती, देव जाणे. तिनं पिशवी पुढं केली. "बाबा, पिशवी," एवढंच म्हणाली. रुपराव म्हणाले, "मास्तर, आता सांगा, मांजरपाट किती फाडू?" मी आकडा काय सांगितला कोणास ठाऊक, आता घरात वीस उशांच्या खोळी होतील आणि उशा चार आहेत.

येताना सायकल मी ढकलत होतो. ती बाजूनं चालत होती. सबंध रस्ता दोघं गप्प. (माझ्या आयुष्यातली सर्वात लांब शांतता.) संध्याकाळी तिनं फॉर्म माझ्यापुढं ठेवला. "पालकाची सही इथं करा. तेरा चुका सुधारते. नववी नाही सुधारणार." मी सही केली. शनिवारी फॉर्म गेला. चषकाचं तोंड आता घराकडे आहे.

तर यमुताई, आपल्या घरांतली ही रीत मी आजवर ढोंग समजत होतो, की तोंडावर 'गप जेव' आणि मागं शेजारणीला तासभर सांगणं. आता वाटतं, समोर सांगितलं की माणूस ऐकतो, आणि आडून कानी पडलं की विश्वास ठेवतो. मी नऊ वर्षांचा असताना विहिरीवर तू बायकांना सांगत होतीस, की आमच्या मार्तंडाला अख्खं पाठांतर येतं, एकही ओळ चुकत नाही, आणि मी कडुलिंबामागं होतो. घरी आल्यावर तू माझा कान पिळलास, अभ्यास केला नाही म्हणून. कान दुखल्याचं आठवत नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मार्तंड

ता. क. अमरावतीची फेरी तेवीस तारखेला आहे. पोरीला आशीर्वाद पाठव.

आणखी एक ता. क. सोबत वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे. बसभाड्याच्या सभेचा फोटो आहे, त्यात मी डावीकडून तिसरा, हात वर केलेला. पत्राची घडी मोडू नये म्हणून घातलं आहे, दुसरं कारण नाही. तरी तुमच्या शेजारच्या पार्वतीबाई पाणी भरायला आल्या की सहज दिसेल असं कुठंतरी ठेव. मला काही कळवायची गरज नाही. पण त्या काय म्हणाल्या, ते भाऊजींनी लिहिलं तर चालेल.

आत्या, मी शामला. बाबांनी पत्र पाकिटात घालायला दिलं, म्हणून वाचलं. एकंदर चौदा चुका आहेत. त्यातली एक ही की दुकानात मी किती वेळ उभी होते ते फक्त देव जाणत नाही, मीही जाणते. पिशवी देऊन लगेच निघणार होते, पण बाबांचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकलाच नव्हता, म्हणून थांबले. आणि बोलताना त्यांचाही डावा अंगठा मुठीत होता. एवढा मोठा माणूस, आत्या! मला इतकं हसू आलं आणि इतकं काहीतरी झालं. पार्वतीबाईंना हेही सांग. पण बाबांना कळवू नकोस, शेफारतील.