कडीतली काठी

नवापूर
१२ मार्च

ती. स्व. एस्तेर मावशीस,
प्रिस्किलाचा सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं वाचून काळजी वाटली. जिना कमी चढ. आई म्हणते, सुरतेला तिसऱ्या मजल्यावर राहायची हौस कुणाला होती ते विचार. विचारलं.

हे फोनवर बोलता आलं असतं, पण आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात आणि सगळं घर मध्ये तोंड घालतं. म्हणून कागद.

मला सरकारी नर्सची नेमणूक मिळाली आहे. काठीला. हो, तीच काठी, सातपुड्यात, मोलगीच्या पुढे. आई म्हणाली, लोक तिथे होळी बघायला जातात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. इथल्या दवाखान्यात माझं बरं चाललंय, पण मला जायचंय. प्रशिक्षणाला असताना तिकडे महिनाभर होते. घाट चढून पाड्यावर गेलं की बायका आधी पाणी देतात, मग दुखणं सांगतात. इथे मी सलाईन लावते. तिथे मला काहीतरी उभं करता येईल असं वाटतं.

अडचण दानियलची. तुला ठाऊक आहे, चार वर्षं आम्ही एकमेकांचे आहोत. रविवारी प्रार्थना झाली की त्याच्या घरी जेवण, त्याच्या आईच्या हातचं. पोल्ट्रीवर तो आता सुपरवायझर आहे. लग्न करून त्या घरात राहायचं हे न बोलता ठरलेलंच आहे. त्याच्याजवळ मला इतकं निवांत वाटतं की तेच सोडायची भीती वाटते. म्हणजे एकीकडे दानियल आणि दुसरीकडे काठी.

त्याला अजून सांगितलेलं नाही. तू पत्ते काढून बघशील का? आईला कळू देऊ नकोस. तिच्या लेखी टॅरो म्हणजे सैतानाचा पत्त्यांचा डाव.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी,
प्रिस्किला


सुरत
२० मार्च

चि. प्रिस्किलास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा तुझ्या आईपेक्षा कमी कुरकुरतो, असं तिला सांग.

आधीच सांगते, पत्ते भविष्य सांगत नाहीत. निदान मी तरी ते काम त्यांना देत नाही. आमच्या शेजारच्या पारसी बाईंनी मला शिकवलं ते एवढंच, की मनात घोळणारा प्रश्न चित्रासमोर ठेवला की तो उलटासुलटा करून बघता येतो. मी पत्ते पिसले, डाव्या हाताने कापले आणि दोन काढले. पहिला, हातात काय आहे. दुसरा, समोर काय आहे.

पहिला आला पेल्यांचा दोन. एक बाई, एक पुरुष, दोघांच्या हातात पेले, आणि ते एकमेकांकडे बघताहेत. तुमचं प्रेम खरं आहे, त्याला मी हात लावत नाही.

दुसरा आला काठ्यांचा दोन. हसू नकोस, त्या पत्त्यांना काठ्याच म्हणतात, तुझ्या गावाशी त्यांचा संबंध नाही. चित्र असं आहे: किल्ल्याच्या कठड्याशी एक माणूस उभा आहे. उजव्या हातात पृथ्वीचा लहानसा गोल, डाव्या हातात काठी. दुसरी काठी भिंतीला, लोखंडी कडीत अडकवलेली. समोर समुद्र, पलीकडे डोंगर. माणूस खाऊनपिऊन सुखी आहे, किल्ला त्याचाच आहे, तरी नजर बाहेर. आणि नीट बघ, तो अजून निघालेला नाही. जहाजं दिसतात ती पुढच्या पत्त्यावर, तिनावर. दोन म्हणजे ठरवण्याची वेळ. काठ्या आगीच्या मानतात, म्हणजे इच्छा आणि उमेद. पत्ता उलटा आला असता तर मी म्हटलं असतं, भीतीने बेत गुंडाळते आहेस. तो सुलटा आला.

प्रेमाच्या प्रश्नात हा पत्ता आला की बहुतेक जण म्हणतात, घरातलं सुख की बाहेरचं जग, एक निवड. तूही तेच लिहिलंस, एकीकडे दानियल, दुसरीकडे काठी. पण चित्रात दोन माणसं नाहीत गं. हा पत्ता माणूस सोडायला सांगत नाही. तो विचारतो की हे नातं किल्ल्याच्या आतच राहणार आहे, की दोघं मिळून बाहेर बघणार आहात. पेल्यांवरची दोघं एकमेकांकडे बघतात. काठ्यांवर नजर एका दिशेला. तुझी तर आहे. त्याची कुठे आहे?

ते पत्त्यांना कसं कळणार? त्यालाच विचार. खरं सांगू, तू नवापुरातच राहावंस असं मला वाटत होतं, दानियल मला फार आवडतो. म्हणूनच पत्ता दोनदा बघितला.

जेवणखाण वेळेवर कर, आणि या म्हातारीला मनातून उतरवू नकोस.
तुझी मावशी,
एस्तेर


नवापूर
२ एप्रिल

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

रविवारी जेवणानंतर आम्ही पोल्ट्रीच्या मागच्या लिंबाखाली बसलो होतो. नेमणुकीचं सांगितलं. तो खूश झाला, खरंच झाला. मग मी म्हटलं, तू पण चल. तिकडे बायका घरोघर गावरान कोंबड्या पाळतात आणि दरवर्षी मानमोडीच्या साथीने निम्म्या मरतात. तुला लस देता येते, पिल्लं जगवता येतात, बचतगटांबरोबर काम कर. मी दवाखाना, तू हे. लग्न करून जाऊ. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, तू जा, मी अडवणार नाही, पण मी डोंगरात काय करू? मी म्हटलं, आत्ता सांगितलं ना. त्यावर तो उठून शेडमध्ये गेला. आत पंखे एवढे मोठ्याने चालू होते की मी काय बोलले ते त्याला ऐकू आलं नसेल. बरंच झालं.

नंतर रागाच्या भरात मी त्याला मोबाईलवर ते चित्र दाखवलं, तुझं म्हणणंही सांगितलं. त्याने फोन हातात घेतला आणि कितीतरी वेळ परत दिला नाही. शेवटी मला पाठव म्हणाला. त्यानंतर आमचं बोलणं नाही. दवाखान्यात गोळ्यांची पाकिटं भरताना दोनदा चुकले.

मी जूनमध्ये रुजू होणार हे पक्कं. एकटी गेले तरी.

रागावू नकोस, जवळ धर.
प्रिस्किला


नवापूर
९ एप्रिल

आदरणीय एस्तेर मावशींना,
दानियलचा सलाम.

पत्र लिहायची सवय नाही, शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितोय. चुका पदरात घ्या.

प्रिस्किलाने दाखवलेलं चित्र मी मोबाईलवर मोठं करून बघितलं. तुम्ही त्या माणसाबद्दल सांगितलं. मला सारखी दिसते ती भिंतीची काठी. हातातल्या काठीला जाता येतं. कडीतलीला येत नाही. ती मी आहे असं वाटलं.

बाप गेला तेव्हा मी बारावीला होतो. तेव्हापासून आईला सोडून मी एक रात्रही राहिलो नाही. बहीण लग्न होऊन व्याऱ्याला आहे. पोल्ट्रीचे मालक हेमकांत शेठ चांगले आहेत. मला प्रिस्किला पाहिजे. तिने सांगितलेलं काम मला आवडणार नाही असं नाही, उलट झोपताना तेच डोक्यात असतं. पण आईला मी काय सांगू?

तुमच्या पत्त्यात कडीतली काठी निघते का, ते कळवा. प्रिस्किलाला हे सांगू नका.

चुकलं असेल तर माफ करा, आणि आपलं माणूस समजा.
दानियल


सुरत
१५ एप्रिल

चि. दानियलास,
आशीर्वाद.

अक्षर सुंदर आहे तुझं. पोरीला सांगणार नाही.

तू चित्र माझ्यापेक्षा बारकाईने बघितलंस. ती काठी म्हणजे स्थिरता समजतात: घर, जे मिळवलं ते, पाठीशी असलेला आधार. ती वाईट नव्हे. तिच्याविना तो माणूस कठड्यापर्यंत आलाच नसता. कडीतून काठी निघते का, हे पत्ता सांगत नाही आणि मी खोटं सांगणार नाही. निघते म्हटलं तर मी तुला आईपासून तोडते, नाही म्हटलं तर प्रिस्किलापासून.

एवढंच विचारते. ती कडी कुणी ठोकली? तुझ्या आई हन्नाबाईंनी, की त्यांच्या नावाने तू? त्यांना कधी विचारलंस? प्रिस्किलाने तुला चार वर्षांत विचारलं नव्हतं, आता तू आईला विचारत नाहीस. तुम्ही दोघं एकमेकांना शोभता.

विचार. त्या नाही म्हणाल्या तर तेही खरं उत्तर असेल आणि ते मानूनच पुढचं ठरव.

खुशाली कळवत राहा. माझ्या घराचं दार तुझ्यासाठी उघडंच आहे.
एस्तेर मावशी


काठी
१८ नोव्हेंबर

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

थंडी पडली आहे. पाड्यावर सकाळी शेकोट्या पेटतात, मी कानाला मफलर गुंडाळून फिरते आणि पोरं हसतात.

फोनवर तुटक तुटक सांगितलं, आता नीट सांगते. दानियलने तुला पत्र लिहिलं होतं हे त्यानेच कबूल केलं. तुमच्या दोघांच्या या कारस्थानाबद्दल मी एक आठवडा रुसणार आहे.

त्याने एप्रिलमध्येच आईला, म्हणजे हन्ना आत्याला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, मी तुला कधी धरलं होतं? माझी बहीण पलीकडच्या गल्लीत आहे, बायकांची प्रार्थना आहे, शेजारीण कोकिळा आहे. तूच रोज संध्याकाळी माझ्यासाठी म्हणून लवकर येतोस आणि मोबाईल बघत बसतोस. दानियलला वाईट वाटलं. मग ती रडली. म्हणजे तिलाही सोपं नव्हतं. पण नको म्हणाली नाही.

जूनमध्ये तोच मला सोडायला आला, सामान मोटारसायकलवर बांधून. मुक्काम केला. माझ्या शेजारच्या जान्याच्या घरी कोंबड्या माना टाकत होत्या, त्या एकेक उचलून बघत बसला. पुढच्या वेळी बर्फाच्या डब्यात लस घेऊन आला, डोळ्यात एकेक थेंब टाकायचा ते बायकांना शिकवलं. माझ्या लसींच्या फ्रीजला हात लावायचा नाही, हे मी त्याला बजावलं आहे. माणसांच्या लसीशेजारी कोंबड्यांची लस ठेवून चालत नाही. पावसाळ्यात काही कोंबड्या तरीही मेल्या. पण गटातल्या बायकांनी दिवाळीनंतर पुन्हा बोलावलं. हेमकांत शेठनी त्याला हसत मोकळं केलं, वर पिल्लंही देऊ म्हणाले. आता तो इथेच आलाय, लग्नापर्यंत जान्याकडे राहतो. जानेवारीत लग्न. तारीख आई कळवेल. तुला यायचंच आहे, गुडघ्यासकट.

मनात भीती उरली नाही असं नाही. त्याला इथली बोली अजून येत नाही, महिन्याचं पक्कं उत्पन्न नाही, आणि आमची भांडणं आता लिंबाखाली न होता चुलीपुढे होतात. पण संध्याकाळी ओट्यावर बसलो की दोघं आपापल्या दिवसाचं सांगतो आणि ते एकच काम वाटतं.

गेल्या आठवड्यात हन्ना आत्या स्वतः बघायला आली. बसमधून उतरल्या उतरल्या घाटाला नावं ठेवली. माझी खोली बघितली, चुलीचं तोंड वाऱ्याकडे आहे म्हणाली आणि दानियलकडून ती फिरवून घेतली. जान्याच्या बायकोशी तिचं काय बोलणं झालं देव जाणे, एकीची भाषा दुसरीला येत नाही, पण दोघी दुपारभर हसत होत्या. दुसऱ्या दिवशी तो तिला नवापूरपर्यंत सोडायला निघाला, पिशवी भरून तयार. तिने पिशवी काढून घेतली आणि त्याला खाली उभं केलं. एवढा प्रवास ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी करणार होती. कंडक्टर धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा होता. त्याने विचारलं, आजी, एकलीच जाई ऱ्हायनी का? खिडकीजवळची जागा धरून, खालच्या जमिनीकडे बोट दाखवत ती त्याच्याच बोलीत मोठ्याने, सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "हाव. मन्हा पोऱ्या आते आठेच ऱ्हाई."

तुझ्या मायेची कायमची हक्कदार,
प्रिस्किला