निवडलेले शंभर दाणे

जिंतूर,
१४ डिसेंबर

प्रिय भक्ती,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलं आहे. आधीची तीन फाडून टाकली, कारण तिन्ही वेळा सुरुवात तुझी खुशाली विचारण्यातच इतकी लांबली की मला स्वतःचाच राग आला. तुझा मामा परमेश्वर रविवारी तुमच्या ऊसतोडीच्या टोळीकडे निघतो आहे, त्याच्या हाती हे द्यायचं आहे. खुशाली विचारतेच. थंडीत उसाचं पाचट गोळा करून हाताला चरे पडले असतील, तेल लाव. वाढं, उसाचे ते हिरवे शेंडे, बांधायला तुला किती वाजता उठवतात, हे मला विचारायचं होतं, पण ते ऐकायची माझी हिंमत नाही.

इथलं सांगते. तुझी जागा निकिताने कुणाला दिलेली नाही, दप्तर ठेवून अडवून बसते. फळ्यावरचे तीन रकाने अजून आहेत, ऐकलं, पाहिलं, मोजलं. कुणी काही सांगितलं की वर्ग एका सुरात ‘कशावरून?’ विचारतो आणि मग ते वाक्य कोणत्या रकान्यात जातं ते ठरतं. केंद्रप्रमुख परवा आले होते, म्हणाले, ग्रामीण मुलांचं गणित कच्चं असतं. मागच्या बाकावरून लगेच ‘कशावरून?’ आलं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच बोलले. हसू आलं आणि लगेच तुझी आठवण आली. हा प्रश्न सगळ्यांत चांगला तुलाच विचारता यायचा. निळ्या पाण्याच्या बाटल्या आठवतात? दारात बाटली टांगली की कुत्री येत नाहीत, असं गावातल्या बायनाबाई शपथेवर सांगायच्या. सगळी पोरं त्यांच्या दारासमोर बसून कुत्री मोजायला निघाली, तर तूच अडवलंस. बाटली असताना दोन आठवडे मोजू आणि नसताना दोन आठवडे मोजू, नाहीतर कळणार कसं, असं म्हणालीस. मी फक्त हो म्हटलं होतं. बाटली असताना एकतीस आणि नसताना एकोणतीस कुत्री आली, त्यातलं एक तर बाटलीला डोकं टेकून झोपलं. मी ती गोष्ट तालुक्याच्या प्रशिक्षणात माझी म्हणून सांगितली आणि टाळ्याही घेतल्या. हेही आज कबूल करून टाकते.

आता एप्रिलचं सांगते, तुला सगळं माहीत आहे तरी. तुझे वडील, मुंजाजीभाऊ, शाळेत आले होते. घरचं सोयाबीन बियाण्यासाठी ठेवलं आहे, ते उगवेल का नवं विकत आणू, असं विचारत होते. मला तर हवंच होतं. सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा, केंद्रप्रमुखांची भेट, आणि हातात एक खराखुरा प्रश्न. तुम्ही पोरांनी तुझ्या घरून पोत्यातलं पायलीभर बी आणलंत. गोणपाट ओलं केलं, शंभर दाणे मोजून दहा-दहाच्या दहा ओळी लावल्या, वर दुसरं ओलं गोणपाट टाकलं, गुंडाळी केली आणि रांजणाजवळच्या सावलीत ठेवली. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. सातव्या दिवशी गुंडाळी उघडली. नीट मोड आलेले दाणे तू एकेक मोजलेस, सिद्धोधनने पुन्हा मोजले. एक्क्याण्णव. सत्तरच्या वर असलं की बी पेरायला चांगलं, हे मी आधीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं. मुंजाजीभाऊंनी हात जोडले. फोटो निघाला.

त्या फोटोत नसलेली एक गोष्ट मला दिसत होती, भक्ती. ओळी लावायच्या आधी पोरी सूप घेऊन बसल्या होत्या. फुटका दाणा बाजूला, साल निघालेला बाजूला, किडका बाजूला. कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या आज्या, आया बी म्हटलं की निवडायलाच बसतात, तसे तुमचे हात आपोआप चालले. मी शेजारी उभी होते आणि मला कौतुक वाटत होतं, किती टपोरे दाणे, किती सरळ ओळी. ‘कशावरून’ शिकवणाऱ्या बाईला एवढं सुचलं नाही की हे शंभर दाणे पोत्यातले आहेत की पोत्यातले सगळ्यांत चांगले आहेत. वडिलांनी मळणी घाईत केली होती, यंत्र जोरात फिरलं होतं, सोयाबीनची साल पातळ असते, पोत्यात फुटके दाणे पुष्कळ होते. तेच तर तुम्ही बाजूला काढले. पेरणीयंत्राला निवडता येत नाही, ते चांगला-वाईट सगळा दाणा जमिनीत टाकतं.

तुला हे सुट्टीत सुचलं. जूनमध्ये शाळेच्या पहिल्याच दिवशी तू वही घेऊन माझ्यापुढे उभी राहिलीस. मी दाराला फुगे बांधत होते, पहिलीच्या पोरांची बैलगाडी वेशीपर्यंत आली होती, पाहुणे यायचे होते. तू म्हणालीस, “बाई, ते दाणे आमी निवडले होते. पेरताना तर कुणी निवडत न्हाई. मी घरी न निवडता लावून बघितलंय.” आणि वही पुढे केलीस. मी ती न उघडता कपाटात ठेवली आणि नंतर बघू म्हटलं. शिवाय वर एक वाक्य बोलले, ते मला रोज ऐकू येतं. म्हटलं, झालेल्या गोष्टीत किती खुसपट काढशील. तू घरी जाऊन वडिलांनाही सांगितलंस. ते म्हणाले, “शाळेनं मोजलंय, तू गप बस.” शाळा म्हणजे मी. पाचव्या दिवशी तुमच्या तीन एकरांत पेरणी झाली.

निम्मंही उगवलं नाही. गावात बैठक बसली तेव्हा मी पाऊस पुढे केला. पेरल्यावर उघडीप पडली, असं म्हटलं. बन्सीधर पाटलांनी विचारलं की माझं शेत बांधाला बांध लागून आहे, त्याच दिवशी पेरलं, तोच पाऊस, माझं कसं उगवलं? तू तर शेतात जाऊन पेरणीचा तास उकरून पाहिला होतास, दोन बोटं खोलीवर फुटके दाणे तसेच कुजून पडलेले आणि त्याच तासात चांगल्या दाण्यांचे कोंब आलेले. मुठीत माती घेऊन तू बैठकीच्या कडेला उभी होतीस. मला दिसत होतीस. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं की पोरांच्या मोजण्यात काही चूक झाली असेल. फळ्यावर एक्क्याण्णवचा आकडा तुझ्याच हातचा होता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तुझ्या वडिलांनी मान वळवून तुझ्याकडे पाहिलं. मी वाक्य मागे घेतलं नाही. चहा आला, लोक पांगले.

विरळ पिकात तण माजलं, पुन्हा पेरायची वेळ निघून गेली, हाती काही आलं नाही. तीन वर्षांपूर्वी मुंजाजीभाऊंनी तुझ्या शाळेसाठी ऊसतोड सोडून कोयता माळ्यावर ठेवला होता, तो दिवाळीनंतर खाली आला. तुला आजीजवळ ठेवा, असं सांगायला मी घरी आले होते. ते शांतपणे म्हणाले, “बाई, तुमच्या शाळेत तिला वाद घालाया आला, मोजाया न्हाई आलं. आता कशाला ठिवू?” मी ऐकून परत आले. इतकी संतापले होते की एसटी चुकली. तेव्हा वाटलं, राग त्यांच्यावर आहे.

मागच्या महिन्यात सातवीला मोजणी तपासण्याचा धडा घेताना मी एप्रिलची गोष्ट उदाहरण म्हणून सांगायला लागले. मोजताना एक चूक झाली की केवढं नुकसान होतं बघा, असं म्हटलं. निकिता उठली. मोठ्याने नाही, अगदी हळू विचारलं, “बाई, कशावरून? तुमी परत मोजलं का?” मी फळ्याकडे वळले. हे वाक्य कोणत्या रकान्यात टाकू? ऐकलं म्हणावं तर कुणाकडून, पाहिलं म्हणावं तर कुठे, मोजलं तर नाहीच. मी कपाट उघडून तुझी वही काढली. चार पानं होती. पोत्याच्या वरून, मधून, तळातून आणि चौथ्यांदा तिन्ही एकत्र करून, डोळे मिटून घेतलेले शंभर-शंभर दाणे. अठ्ठावन्न, बावन्न, एकसष्ट, पंचावन्न. खाली तारखा, आणि बारीक अक्षरात, ‘निवडले तर जास्त येतात. पेरायला हे बी कमी पडेल. बाईंना विचारणे.’

धुरपताबाईंकडे, तुझ्या आजीकडे, कोपऱ्यात अर्धं पोतं उरलं होतं. सगळा वर्ग घेऊन गेले. तू लिहिलं होतंस तसंच केलं, डोळ्यांना रुमाल बांधून. चार वेळा शंभर न निवडता, पाचव्यांदा शंभर निवडून. थंडीमुळे मोड उशिरा आले, म्हणून दहा दिवस थांबलो. न निवडलेले एकोणपन्नास, सेहेचाळीस, बावन्न, पन्नास. निवडलेले चौऱ्याऐंशी. तुझ्यापेक्षा आकडे थोडे कमी आहेत, ते का ते मला नक्की सांगता येणार नाही. बी सहा महिन्यांनी जुनं झालं, पावसाळ्याची ओल लागली असेल, पण हे मी मोजलेलं नाही. निवडलेल्या आणि न निवडलेल्या दाण्यांतला फरक मात्र तसाच आहे, आणि तो वर्गातल्या बावीस जणांनी डोळ्यांनी पाहिला आहे. धुरपताबाई सगळं बघत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, “मंग माझी नात खरंच बोलली व्हती.”

म्हणून हे पत्र. तू मनातल्या मनात वाचलंस ना, आता संध्याकाळी सगळे खोपीवर परत आले की मुंजाजीभाऊंना समोर बसव आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखव. माझी लाज वाटते म्हणून एकही ओळ गाळू नकोस. मुंजाजीभाऊ, तुमच्या मुलीने एप्रिलमध्ये एक्क्याण्णव मोजले ते एक्क्याण्णवच होते. चुकीचे दाणे लावू देणारी मी होते, जूनमध्ये तिची वही न उघडणारी मी होते आणि बैठकीत तिच्यावर ढकलणारीही मीच. पेरणीच्या आधीपासून तिला खरं माहीत होतं, अख्ख्या गावात फक्त तिला. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी हेच सांगणार आहे, तिच्या वहीसकट. त्या दिवशी ती तिथे असावी, आजीजवळ राहावी, शाळेत यावी, असं मला वाटतं, पण तुम्ही माझ्या शब्दावर एकदा विश्वास ठेवून बसला आहात, तेव्हा या वेळी ठेवू नका. परमेश्वरच्या हाती चिंधीत बांधून त्याच पोत्यातलं मूठभर बी पाठवलं आहे, न निवडता. खोपीवर गोणपाट असेलच. शंभर दाणे मोजून घ्या, तिला मोजू द्या.

तुझ्याच,
राजेश्रीबाई