रिक्षाच्या मागच्या पत्र्यावरील चोरीबाबत खुलासा

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
जप्त वाहन विभाग,
परिवहन कार्यालय.

विषय : अनुक्रमांक १४३ च्या रिक्षावरील मजकुरात कबूल केलेल्या चोरीबाबत खुलासा सादर करणे, व सदर पत्रा न पुसता मिळणेबाबत.

संदर्भ : १) वाहनांवरील उद्धट मजकूर हटविण्याचा आपला आदेश.
२) मला मिळालेले आपले पत्र, ‘आपल्याकडून काय चोरीस गेले ते सात दिवसांत कळवावे.’

महोदय,

१. मी अर्जदार धंद्याने पेंटर असून एकतीस वर्षे ट्रक आणि रिक्षांच्या पाठी लिहीत आहे. आपल्या कार्यालयाने जप्त गाड्यांवरील मजकूर पुसण्याचे काम मलाच दिले. आजवर १४२ गाड्या पुसल्या. त्यातल्या एकसष्ट माझ्याच हातच्या होत्या. हाताला सवय असल्यामुळे पुसायला वेळ कमी लागला.

२. कामाची पद्धत आपल्या माहितीसाठी देतो. मागच्या गाडीवाल्याला वाचायला फार तर आठ-दहा सेकंद मिळतात, म्हणून मजकूर दोन ओळींचाच. अक्षर वीतभर उंच, वीस पावलांवरून दिसले पाहिजे. आधी लाल अस्तर, मग खडू लावलेली दोरी ताणून रेघ मारायची, मग पिवळा रंग आणि शेवटी अक्षराला काळी सावली. ट्रकचा मागचा फाळका उघडतो, म्हणून बिजागरीवर अक्षर येऊ द्यायचे नाही. बोल्ट आला तर त्याला वळसा घालायचा, कारण बोल्टावर रंग टिकत नाही. माझ्या शेडचे दार उजवीकडे असल्याने उजेड तिकडून येतो, म्हणून माझ्या अक्षरांची सावली कायम डावीकडे पडते. काम संपले की खाली उजव्या कोपऱ्यात मी एक छोटे बदक काढतो. पहिल्या ट्रकवर मोर काढायला गेलो होतो, त्याचे बदक झाले, तेच पुढे चालू राहिले.

३. आपल्या यादीत मजकुराचे तीन वर्ग आहेत : अश्लील, उर्मट, निरर्थक. अनुभवाने सांगतो की हे वर्ग लागू पडत नाहीत. ‘चिकटू नकोस, माझं लग्न झालंय’ असे लिहून घेणाऱ्याचे लग्न ठरता ठरत नव्हते. ‘कुणाच्या बापाला घाबरत नाही’ लिहून घेणारा आधी बाहेर जाऊन मालकाला फोन करून आला, की लिहू का. ‘मी असाच आहे, पुढे जा’ हे ज्याने लिहून घेतले त्याला बायको सोडून गेली होती, आणि तो शेडमध्ये चहा तीनदा गार करून बसला होता. गाडीत मालकाचा माल, चौकात पोलीस, घरी घरचे. मोकळेपणी बोलायला मागचा अनोळखी माणूस तेवढा उरतो.

४. अनुक्रमांक १४३ ची रिक्षा माझ्या मुलाची. वय एकोणतीस. अकरा महिन्यांपूर्वी अपघातात गेला. रिक्षाचा पुढचा भाग शिल्लक नाही, मागचा पत्रा जसाच्या तसा आहे. आपल्या अहवालात ‘समोरच्या ट्रकच्या अगदी जवळून चालत होता’ असे कारण दिले आहे. त्या ट्रकचा फाळका कुणी लिहिला होता हे अहवालात नाही. मी विचारलेले नाही.

५. मुलाला माझा धंदा शिकायचा होता. मी शिकवला नाही. आता सगळे छापील स्टिकर लावतात, ब्रश धरून उपाशी मरशील, रिक्षा चालव, असे मी सांगितले. तो म्हणाला, “बाबा, एक अक्षर तरी दाखवा.” मी ब्रश धुऊन डब्यात ठेवले. त्यानंतर आम्ही एका घरात राहून तीन वर्षे कामापुरतेच बोललो. रिक्षा तो नेहमी पाठ आवाराच्या भिंतीकडे करून उभी करायचा. शेजारी हसायचे, “पेंटरमामा, मागे तुमच्यावर लिहिलंय हो पोरानं.” चौकातल्या दुसऱ्या पेंटरकडून त्याने मला शिव्या लिहून घेतल्या, असे मी धरून चाललो. त्याच्या आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, “जाऊन वाचा की. दोनच ओळी आहेत.” मी गेलो नाही. घराच्या दारापासून त्या भिंतीपर्यंतचे अंतर बारा पावले आहे.

६. दिनांक १४ रोजी आपले लिपिक यादी वाचत पुढे आणि मी डबा घेऊन मागे, असे १४३ जवळ पोचलो. त्यांनी मोठ्याने वाचले :

‘थोबाड बघू नकोस, अक्षर बघ.
बापाचं चोरलंय.’

लिपिक म्हणाले, “पहिली ओळ उर्मट. दुसरी मात्र कबुली आहे. साहेबांना कळवावं लागेल, तोवर पुसू नका.” मला रडू आले नाही. अजूनही आलेले नाही. मी डब्याला झाकण लावले.

७. चोरीचा तपशील पुढीलप्रमाणे. मजकूर चौकातल्या पेंटरचा नाही, त्याचा हात मी ओळखतो, त्याची दोरी कायम वाकडी. हा मुलाने स्वतः लिहिला आहे. सावली डावीकडे आहे. ‘क्ष’ला मी देतो तीच गाठ आहे. शिकवले तर कुणीच नव्हते, म्हणजे तो माझे ट्रक गाठून त्यांच्या मागे मागे रिक्षा चालवत अक्षरे गिरवत होता. त्याच्या रिक्षात बसणारे तक्रार करायचे की हा ओव्हरटेकच करत नाही, ते मला आता समजले.

८. पुराव्यादाखल ‘अक्षर’मधला ‘अ’ पाहावा. त्याचा पाय मध्येच वाकून पुन्हा सरळ झाला आहे. असा ‘अ’ मी आयुष्यात एकदाच काढला, विटांच्या ट्रकवर, ‘अजून जवळ ये, ब्रेक कालच गेलेत’ या मजकुरात, कारण तिथे बोल्ट होता. पोराला वाटले, बापाची ही लकब आहे. रिक्षाच्या पत्र्यावर त्या जागी बोल्ट नाही, छिद्रही नाही. पत्रा सपाट आहे. जो बोल्ट तिथे नव्हताच त्याला त्याने जपून वळसा घातला आहे. विटांचा ट्रक आपल्या यादीत अनुक्रमांक ८८. तो मी गेल्या महिन्यात पुसला, राखाडी रंगाचे दोन हात देऊन. मूळ अक्षर आता नाही, नक्कल तेवढी आहे.

९. पत्र्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बदक नाही. बाकी सगळे घेतले, ते घेतले नाही. तेवढी जागा कोरी सोडलेली आहे.

१०. तरी विनंती की, माझी काही तक्रार नसल्याने चौकशी बंद करावी व पत्रा मला द्यावा. नियमात बसत नसेल तर पुसण्याचे काम दुसऱ्या कुणाला द्यावे, आणि त्याआधी मला त्या कोपऱ्यात बदक काढू द्यावे. पाच मिनिटे लागतील, रंग माझा. बदक असले की ते काम माझ्या शेडचे धरले जाते, हे रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. मग त्यात चोरी राहत नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत, ब्रश धुऊन,

आपला नम्र,
(सही)
पेंटर, मयत रिक्षाचालकाचे वडील
दिनांक : २१

सोबत :
१) रिक्षावरील ‘अ’चा कागदावर घेतलेला ठसा.
२) अनुक्रमांक ८८ चा बोल्ट (जागेवरच आहे, कृपया येऊन पाहावा).