दोनदा हाक

२० मार्च १९८६, लातूर

मी लहान असताना बिलोलीचे जोशीबुवा माझी पत्रिका बघून आईला म्हणाले होते, "हिला दोनदा हाक मारत जा; एका हाकेत ही स्वतःला सापडायची नाही." आज खोली बघताना ते आठवून हसू आलं. बदली होऊन आले आहे, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत टंकलेखिका म्हणून. घरमालकीण गौरम्मांनी भाड्याआधी जन्मतिथी विचारली. एकोणपन्नासची चैत्र पौर्णिमा, सांगितलं. मेषेत सूर्याजवळ राहू, तुळेत चंद्राजवळ केतू, असं त्यांनी बोटांवर मांडलं. मग म्हणाल्या, खोली तुमचीच. टँकरचं पाणी अर्धंअर्धं.

२७ मार्च

आज चंद्र तुळेत येतोय, असं गौरम्मांनी चहा देताना सांगितलं. ग्रहणयोगात नुसती एक रास पुरत नाही म्हणे. अंश जितके जवळ तितकी सावली दाट. राहू सूर्याला धरतो तेव्हा माणसाची स्वतःवरची भिस्त हलते. केतू चंद्राला धरतो तेव्हा मन कशातच राहत नाही. गुरूची दृष्टी असती तर धार कमी झाली असती. माझ्या पत्रिकेत तीही नाही. त्यांची लेक सिंधु त्याच पौर्णिमेची होती.

कचेरीत रोजचाच मजकूर पुन्हा पुन्हा चुकला. साहेब हसत म्हणाले, साखराबाई, मशीन बदलायचं का तुम्हाला?

११ एप्रिल

सिंधुचं आज कळलं. "तुझ्यानं व्हायचं न्हाई" ऐकतच वाढली; मॅट्रिकलाही बसली नाही. सदुसष्टच्या चैत्र पौर्णिमेला चंद्र ग्रासलेलाच उगवणार होता. जपायचं म्हणून गौरम्मांनीच तिला बिनखिडकीच्या देवघरात कोंडलं, त्या उकाड्यात ग्रहणाचं म्हणून पाणीही नाही. सुटलेला चंद्र डोळ्यांनी बघूनच दार काढायचं, हा घरचा नेम. धुळीत चंद्र दिसलाच नाही. अम्मा अंगणात वर बघत बसून राहिल्या. हाका ऐकू येत होत्या. सकाळी दार काढलं, तेव्हा हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

मी रडले. त्याही. रडताना मला सिंधु म्हणाल्या. मी दुरुस्त केलं नाही.

१९ एप्रिल

राहू-केतू साडेअठरा वर्षांनी जागेवर येतात. पहिल्या फेऱ्यात नेली, दुसऱ्यात आणून देतील, असं अम्मा भाकरी थापता थापता म्हणाल्या. कचेरीत सही करताना मला माझंच नाव सुचेना. अम्मांनी सिंधु म्हणून हाक मारली आणि "हाव, अम्मा" — माझ्याच तोंडून. कोवळा आवाज.

२४ एप्रिल, चैत्र पौर्णिमा

ग्रहण. देवघरात बस, मन ठिकाणावर राहील, अम्मा म्हणाल्या. बसले. बाहेरून कडी —

फटीतल्या उजेडात लिहितेय. बाहेर धूळ. चंद्र दिसायचा नाही.

कोपऱ्यात ती. घसा कोरडा, तिचा की माझा —

वाईट नाही ती. दमलीय. डोकं माझ्या खांद्यावर. तिला नुसतं बाहेर पडायचंय, माझ्यातून —

अम्मा, चंद्राची वाट बघू नका, दार काढा. तुम्ही न्हाई म्हणणार. तुमची लेक परत यायचीय. मग एवढं तरी. साखरा म्हणून हाक मारा. दोनदा. साखरा, सा —