हजला निघताना मागितलेली माफी

बावा, सगळ्यात आधी आत शिरली ती माझी नात, चपला काढायच्या आधी फ्रिज उघडून उभी. मागून तिची आई, माझी लेक, रुवैसहून गाडी चालवून वैतागलेली. तुमची नात आणि पणती, तुम्ही दोघींनाही बघितलं नाहीत. इथं आखातात, देऱ्यातल्या माझ्या एका खोलीत आनंद मावेना. मी घावणे घालायला घेतले, तर पोर म्हणते, "नानी, फर्स्ट लिसन!"

शाळेनं सांगितलंय, आठशे वर्षांपूर्वी पायी हजला निघालेल्या माणसाचं घरी पाठवलेलं पत्र लिहा. ती इंग्रजीत वाचते, लेक मराठीत सांगते. कूफा शहराहून काफिला निघतो. पैसेवाले उंटावर, हा बिचारा पायी. नगारा वाजला की उठायचं, मागे राहिला तो वाळवंटात संपला. टप्प्याटप्प्यावर पावसाच्या पाण्याची दगडी टाकी. एखादं कोरडं निघालं की पुढच्या टाक्यापर्यंत जीव घशात. मुक्कामाच्या सराईमध्ये जागा मिळाली नाही की बाहेर भिंतीला टेकून झोप, आणि लुटारूंची भीती. फैद गावात अर्धा शिधा ओळखीच्याकडे ठेवायचा, परतीला लागतो. मी म्हटलं, "बाप्या हुशार हो!" मक्केच्या अलीकडे जात-इर्क नावाच्या ठिकाणी आंघोळ करून इहराम, न शिवलेली दोन कापडं.

इथं मला तुम्ही आठवलात. पडवीत वळकटी बांधताय, आणि मी नऊ वर्षांची, तुमच्या इहरामचे काठ सुईदोऱ्यानं टिपून आणलेत, भेट म्हणून. केवढ्यांदा ओरडलात! "न शिवलेलं म्हणजे न शिवलेलं!" बसून एकेक टाका उसवलात. हल्ली मशिदीतल्या बाई सांगतात, नुसते काठ टिपले तर चालतं. जाऊ दे.

मी पोरीला म्हटलं, "तुझा माणूस असाच कसा निघाला? आधी घराघरात जाऊन माफी मागायची असते. परत येईल न येईल." ती म्हणाली, "ॲण्ड इफ समवन सेज नो?"

तुम्ही माझ्यापुढेही वाकला होतात, बावा. "पोरी, माफ केलंस ना?" मी भिंतीकडे तोंड करून बसले. तुम्ही गेलात, आणि तिकडच्याच मातीत राहिलात. माफ तर मी तुमची बोट दिसेनाशी व्हायच्या आत केलं होतं. ऐकायला कोण होतं?

पोरीला मात्र मी सांगितलं, "माझ्या बावांनी निघताना माझी माफी मागितली, मी लगेच हो म्हटलं." तिला इतकं आवडलं की तिनं ते पत्रात घातलं. माणूस दारात वाकतो, त्याची मुलगी गळ्यात पडून म्हणते, माफ केलं. लेक म्हणाली, "आई, हे सगळ्यात छान झालंय." मी घावणे वाढले.

हे तुम्हाला लिहिलेलं मी कुठल्या टपालपेटीत टाकणार? उशीच्या अभ्र्यात ठेवते. पोरीचं पत्र सोमवारी शाळेत द्यायचंय, त्याआधी तिला खरं सांगायला हवं. शनिवारी परत येतो म्हणाल्यात दोघी.