वाचनालयात एक तास

ताईस धाकट्याचा नमस्कार. घ्यायचा की नाही, ते तू ठरव.

इथे मी बरा आहे. वर्कशॉपचं काम चालू आहे. भावजींचा गुडघा कसा आहे?

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीच्या तिन्हींत ‘तू असं केलंस’ होतं, म्हणून फाडली.

बाबांच्या घराच्या वाटणीबद्दल तासभर बोलायला येशील का? सतरा तारखेला, शनिवारी अकराला, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. तिथे तुझं घर नाही, माझं नाही, वकिलाचं ऑफिसही नाही. सोबत विश्वासाचं कुणीही आण. विषय एकच: घराची किंमत कुणाकडून ठरवून घ्यायची. नाव तू सुचव. तुझा दावा तसाच चालू राहील, आणि तिथलं बोलणं मी कोर्टात वापरणार नाही, हे सोबतच्या कागदावर सहीनिशी दिलं आहे. यायचं नसेल तर ‘नाही’ एवढंच कळव. कारण विचारणार नाही.

बाबांना जाऊन नऊच दिवस झाले होते, तेव्हा ‘नुसती नावनोंदणी आहे’ म्हणत मी हक्कसोडपत्र तुझ्यापुढे सरकवलं. मी आणलं होतं, म्हणून तू वाचलंही नाहीस. पेनाचं टोपण मीच काढून दिलं.

या वेळी पेन आणणार नाही.

लिहायला लाज वाटते, तरी तुझाच
भाऊ